कोळसा उगाळायची वेळ : संध्याकाळी सहा

सोसायटीच्या वार्षिक सभेत तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी एकच प्रश्न विचारला होता. पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक १,८६,००० रुपयांचं, खर्च दाखवला २,००,४००. "मग हे वरचे चौदा हजार चारशे कसले?" मी खजिनदार. उत्तर मला यायला हवं होतं. मी कागद चाळले, चष्मा सारखा केला आणि म्हणालो, "बघून सांगतो." मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. ते माझ्यावरच हसलं असं नाही, पण त्या रात्री झोपताना मला तशी खात्रीच होती.

पुढचे तीन आठवडे मी ती सभा रोज भरवली. दात घासताना, लोकलमध्ये, जेवताना आणि रात्री दोनला तर हमखास. काका विचारायचे, मी तोंडात मारल्यासारखं उत्तर द्यायचो, टाळ्या पडायच्या. मग आठवायचं की खरं तसं घडलेलं नाही. 'मी असा गप्प का बसलो? चारचौघांत माझं नेहमीच असं का होतं? लोकांना वाटलं असेल का मी पैसे खाल्ले?' बायको म्हणाली, "अहो, किती विचार कराल?" मी म्हणालो, "प्रश्न सुटेपर्यंत विचार नको का करायला?" मला मनापासून वाटत होतं की मी काम करतोय. गंमत अशी की त्या तीन आठवड्यांत मी टाकीच्या दुरुस्तीची फाइल एकदाही उघडली नव्हती.

शाळेतली माझी एक मैत्रीण मानसशास्त्रज्ञ आहे, रुग्णांना समुपदेशन करते. तिला फोनवर हे सांगितलं तर ती हसली नाही. तिनं मला एक कसोटी दिली, अमेरिकेतल्या एडिस आणि मार्टेल या दोन मानसशास्त्रज्ञांच्या स्वमदत-पुस्तकातली. एखादी गोष्ट मनात घोळतेय असं लक्षात आलं की घड्याळ बघायचं आणि दोन मिनिटं तो विचार चालू द्यायचा. मग स्वतःला तीन गोष्टी विचारायच्या. प्रश्न सोडवण्याच्या दिशेनं काही पुढे सरकलं का? पूर्वी कळलं नव्हतं असं काही कळलं का? स्वतःला दोष देणं किंवा मनावरचं मळभ जरा कमी झालं का? तिन्हींना 'नाही' आलं, तर तो विचार नव्हे, उगाळणं. 'कोळसा उगाळावा तितका काळाच' असं आपल्याकडे म्हणतात त्यातलं. मी त्याच दिवशी लोकलमध्ये घड्याळ लावून पाहिलं. नाही, नाही, नाही.

इंग्रजीत या उगाळण्याला 'रुमिनेशन' म्हणतात, म्हणजे रवंथ. मला हा शब्द गाईवर अन्याय करणारा वाटतो. गाय रवंथ करते तेव्हा चारा बारीक होतो, पचतो, त्याचं दूध होतं. आमची सभा तीन आठवडे चावून जशीच्या तशी उरली होती.

उगाळण्यात नुसता वेळच वाया जात नाही, ज्या डोक्यानं प्रश्न सुटायचा तेच डोकं त्यात बोथट होतं. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सुझन नोलन-होक्सेमा यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग मैत्रिणीनं मला सांगितले. मन खट्टू असलेले काही विद्यार्थी आणि बरे असलेले काही, असे दोन प्रकारचे विद्यार्थी घेतले. काहींना आठ मिनिटं स्वतःच्या मनःस्थितीवर विचार करायला लावला : मला असं का वाटतंय, याचा अर्थ काय, वगैरे. बाकीच्यांना तितकाच वेळ आकाशात ढग कसे जमतात वगैरे बाहेरच्या गोष्टी डोळ्यांसमोर आणायला सांगितल्या. नंतर सगळ्यांना नातेसंबंधातल्या अडचणींवर उपाय सुचवायला दिले. खट्टू असून स्वतःत डोकावत बसलेल्यांचे उपाय सगळ्यांत तकलादू निघाले. तितकेच खट्टू, पण ढगांचा विचार केलेले विद्यार्थी मात्र बऱ्या मनाच्या मुलांच्या बरोबरीनं उपाय सुचवत होते. म्हणजे खट्टू मन एकट्यानं उपायांच्या आड आलं नव्हतं. खट्टू मन आणि वर उगाळणं, ही जोडी आड आली. आणि यासाठी आठ मिनिटं पुरली. मी तीन आठवडे घालवले होते.

मग उगाळणं आणि सोडवणं यांत फरक कुठे? विषय तर दोन्हींत तोच, टाकी आणि चौदा हजार. इंग्लंडमधल्या एक्झिटर विद्यापीठातले एडवर्ड वॉटकिन्स यांनी यावर बरीच वर्षं काम केलं आहे. त्यांच्या मते फरक विषयात नाही, विचाराच्या पोतात आहे. उगाळताना प्रश्न 'का' नं सुरू होतो आणि वर वर, अधांतरी जातो : मी असा का, लोक असे का, नेहमी माझ्याच बाबतीत का. सोडवताना प्रश्न 'काय', 'कुठे', 'कसं', 'केव्हा' यांनी सुरू होतो आणि खाली जमिनीवर येतो. 'माझं नेहमी असं का होतं?' या प्रश्नाला उत्तर नसतं, कारण त्यात 'नेहमी' आहे. 'पावती कोणत्या फाइलीत असेल?' याला असतं.

हे कळल्यावर मी ठरवलं की आता सभेचा विचार करायचाच नाही. मैत्रीण म्हणाली, "करून बघ." मी करून बघितलं आणि दुसऱ्या दिवशी सभा दुप्पट जोरात भरली. यात माझा नाकर्तेपणा नव्हता. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर यांनी टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत हाच प्रयोग केला होता. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजत राहिली. त्याहून मजेशीर म्हणजे नंतर त्यांना 'आता करा विचार' म्हटल्यावर, पहिल्यापासून मोकळीक असलेल्यांपेक्षाही यांच्या डोक्यात अस्वल जास्त फिरलं. विचार आला की नाही हे तपासायला मनाला तोच विचार हातात धरून उभं राहावं लागतं, त्यामुळे बंदीचा उलटाच परिणाम होतो.

बंदी चालत नाही आणि मोकळीकही चालत नाही. तिसरा रस्ता १९८३ मध्ये थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवला. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या या माणसानं बरीच वर्षं 'काळजी' या गोष्टीचा अभ्यास केला. त्यांची कल्पना निद्रानाशाच्या उपचारावरून आली. झोप न लागणाऱ्याला तिथे सांगतात की पलंग फक्त झोपेसाठी ठेवा, तिथे लोळत, जागत बसू नका, म्हणजे शरीर पलंगाला झोपेशी जोडेल. बोर्कोवेकनी हे उलटं लावलं. काळजी माणूस कुठेही करतो, म्हणून पलंग, बाथरूम, बसस्टॉप, ऑफिसची खुर्ची सगळ्याच जागा काळजीच्या होऊन बसतात. कुठेही बसलं की सभा सुरू. मग काळजीला एकच जागा द्या आणि एकच वेळ, म्हणजे बाकीच्या जागा हळूहळू मोकळ्या होतील.

त्यांच्या सूचना चार होत्या. काळजीचा विचार सुरू झाला की तो ओळखायला शिका. रोज एकाच वेळी, एकाच जागी अर्धा तास काळजीसाठी राखून ठेवा. दिवसभरात काळजी आली की ती त्या वेळेवर ढकला आणि समोर जे चाललंय त्याकडे लक्ष वळवा. आणि तो अर्धा तास खरोखर काळजी करण्यात आणि ती सोडवण्यात घालवा. चार आठवडे हे करणाऱ्यांचा काळजीत जाणारा वेळ, न करणाऱ्यांच्या मानानं चांगलाच घटला.

वाचायला हे सोपं वाटतं. करताना कुठे अडतं ते मी सांगतो, कारण मी बहुतेक सगळीकडे अडलो.

मी वेळ ठरवली संध्याकाळी सहा ते साडेसहा, जागा गॅलरीतली प्लास्टिकची खुर्ची. आधी मी रात्री साडेदहा म्हटलं होतं, सगळी कामं आटोपून निवांत. मैत्रिणीनं ते खोडलं. झोपेच्या तोंडावर काळजी ढवळली की ती पलंगापर्यंत मागे येते. मधे निदान दोन-तीन तास हवेत. आणि काळजीच्या जागी बसून चहा, पेपर, मोबाइल काहीही करायचं नाही. खुर्ची एरवी भिंतीला पाठमोरी ठेवायची, सहा वाजता फिरवायची.

दिवसा खिशात छोटी वही. विचार आला की दोन-तीन शब्द लिहायचे आणि 'सहाला' म्हणून वही मिटायची. इथे माझी पहिली चूक झाली. मी सकाळी नऊलाच वहीत दीड पान लिहून काढलं, काका, मागची रांग, ते हसू, सगळं. म्हणजे पुढे ढकलायच्या नावाखाली तिथेच उगाळून घेतलं. वहीत नोंद करायची ती घरी 'अमक्याचा फोन आला होता' अशी चिठ्ठी ठेवतात तशी. संभाषण नाही, नुसता निरोप.

पहिल्या दिवशीची यादी अशी होती : 'चौदा हजार'. 'लोकांना काय वाटलं'. 'ऑडिटर'. 'मी असा का'. 'छातीत धडधड'. 'मुलाची नोकरी'.

सहाला बसलो तेव्हा पहिली नवलाची गोष्ट दिसली. 'धडधड' हा शब्द वाचून मला आठवेचना की ती केव्हा झाली होती. सकाळी ती हार्ट अटॅकची नांदी होती, संध्याकाळी ती जिन्यानं चार मजले चढल्याची आठवण होती. रेषा मारली. काळजी पुढे ढकलता येते हे या पद्धतीचं खरं मर्म आहे. उगाळणाऱ्याची पक्की समजूत असते की हे आपल्या हातात नाही, विचार आला की करावाच लागतो. एड्रियन वेल्स हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ तर याच समजुतीला दुखण्याचं मूळ मानतात आणि काळजी पुढे ढकलायला लावतात ते ती समजूत खोटी पाडण्यासाठी. नऊ वाजताचा विचार सहापर्यंत थांबू शकतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की त्याची जरब कमी होते.

उरलेल्या नोंदींचे दोन ढीग करायचे : ज्यावर मी काही करू शकतो आणि ज्यावर आज तरी काही करू शकत नाही. 'चौदा हजार' पहिल्या ढिगात. तिथे मी प्रश्न नव्यानं लिहिला. 'मी उत्तर का देऊ शकलो नाही' हे खोडून 'हे १४,४०० कशावर खर्च झाले, हे कुठे लिहिलेलं असेल?' असं केलं. मग जे सुचेल ते लिहीत गेलो, चांगलं-वाईट न ठरवता. ठेकेदाराला फोन. बँकेचं पासबुक. किरकोळ खर्चाची व्हाउचरं. वॉचमनचं रजिस्टर. चार जागा लिहायला दीड मिनिट लागलं, तीन आठवड्यांत यातली एकही सुचली नव्हती. त्यातली सगळ्यांत सोपी निवडली आणि पुढे वेळ टाकली : उद्या सकाळी साडेसातला, वॉचमनची ड्युटी बदलण्याआधी, रजिस्टर. वेळ टाकणं महत्त्वाचं, कारण नुसतं 'बघायला हवं' हे वाक्य रात्री दोनला परत येतं.

सकाळी रजिस्टर उघडलं. टाकी रिकामी होती त्या तीन दिवसांत सहा टँकर आत आले होते, नंबर आणि वेळेसकट. एक टँकर २,४०० रुपये. सहा टँकर १४,४००. व्हाउचरं टँकरच्या वेगळ्या फाइलीत होती, त्यावर सही माझीच. वर्षअखेरीला मीच ती रक्कम दुरुस्तीच्या खात्यात धरली होती आणि विसरलो होतो. सगळं शोधायला वीस मिनिटं लागली.

'लोकांना काय वाटलं' हे दुसऱ्या ढिगात, कारण लोकांच्या डोक्यात मला शिरता येत नाही. पण त्यातही एक बारीकशी करण्याजोगी गोष्ट निघाली, सूचनाफलकावर टँकरचा हिशेब लावणं. ती पहिल्या ढिगात गेली. 'मी असा का' हे वाक्य मला चार दिवस छळत होतं. शेवटी मैत्रिणीनं सांगितलं तसं त्याला वळवलं : 'पुढच्या सभेत माहीत नसलेला प्रश्न आला तर मी नेमकं काय करीन?' उत्तर लिहिलं : व्हाउचरची फाइल बरोबर नेईन, आणि म्हणेन की याचा तपशील मंगळवारपर्यंत फलकावर लावतो. स्वभाव बदलला नाही, पण एक वाक्य हाताशी आलं.

'मुलाची नोकरी' मात्र अजून दुसऱ्या ढिगातच आहे. मुलगा बंगळुरूला, कंपनीत माणसं कमी करतायत. इथून मी काही करू शकत नाही. अशा काळजीचं सहा वाजता काय करायचं? बसून ती करायचीच. हे मला आधी पटलं नाही. पण ठरवून, खुर्चीत बसून, दुसरं काही न करता एकाच काळजीला दहा मिनिटं सामोरं जाणं अवघड असतं असं दिसलं. सातव्या मिनिटाला मी शेजारच्या गॅलरीतली वाळत घातलेली सांडगी मोजत होतो. रात्री अंधारात तीच काळजी दोन तास टिकते, कारण ती अर्धवट टाळत, कूस बदलत केलेली असते.

साडेसहाला मोबाइलचा गजर. गजर झाला की वाक्य अर्धं राहिलं तरी उठायचं आणि पायांना काम द्यायचं. मी भाजी आणायला जातो. हे 'उठणं' मी पहिल्या आठवड्यात दोनदा मोडलं आणि दोन्ही वेळा सात वाजेपर्यंत तिथेच 'का' च्या गाळात होतो. त्याहून मोठी चूक तिसऱ्या दिवशी झाली. दिवस बरा गेला होता, म्हणून सहाला बसलोच नाही. रात्री दोनला सभा परत भरली. मैत्रीण म्हणाली, साहजिक आहे, तू त्याला सहाची वेळ दिलीस आणि आलाच नाहीस, आता ते तुझ्या शब्दावर का थांबेल? तेव्हापासून वही कोरी असली तरी पाच मिनिटं बसतो.

रात्री जाग आलीच तर त्याच जातीचा एक छोटा उपाय आहे, तो झोपण्यापूर्वी करायचा. टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांनी ५७ तरुण-तरुणींना प्रयोगशाळेत एक रात्र झोपवलं. अर्ध्यांनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या दिवसांतली करायची कामं लिहिली, अर्ध्यांनी झालेली कामं. करायची कामं लिहिणाऱ्यांना साधारण नऊ मिनिटं आधी झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. एका रात्रीचा आणि धडधाकट तरुणांवरचा प्रयोग, त्यामुळे त्यावर फार इमले बांधू नयेत. पण मी पाहिलं की 'हिशेब' असं लिहिण्यापेक्षा 'सकाळी साडेसातला वॉचमनचं रजिस्टर' असं लिहिलं की डोकं त्यावर परत येत नाही.

हे सगळं कुणासाठी नाही, तेही मैत्रिणीनं सांगितलं. ज्यांना मंत्रचळ आहे, म्हणजे कुलूप पुन्हा पुन्हा तपासणं, हात धुणं, अशांच्या हातात वही गेली तर वहीच नवा चळ होते. ताज्या दुःखातल्या माणसाला, ज्याचं कुणी गेलंय, त्याला 'सहाला रड' म्हणणं क्रूरपणा आहे. त्याचं आठवणं म्हणजे उगाळणं नव्हे. आणि विचार जगणं नकोसं होण्यापर्यंत जात असतील, तर ते सहापर्यंत थांबवायचे नाहीत, लगेच कुणाला तरी सांगायचे. सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास चालू असते. दोन-तीन आठवडे नेटानं करूनही झोप, भूक, काम बिघडलेलंच राहिलं, तर खुर्ची पुरेशी नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवं.

टँकरचा हिशेब मी फलकावर लावला, रजिस्टरच्या पानाच्या झेरॉक्ससकट. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तो उभ्यानं वाचला, मान हलवली आणि गेले. दोन दिवसांनी पाहिलं तर कागदाच्या तळाशी निळ्या बॉलपेननं कुणीतरी लिहिलं होतं : 'शेजारच्या सोसायटीला टँकर २,२०० ला मिळतो. आपल्याला २,४०० ला का?'

सकाळचे पावणेनऊ वाजले होते, लोकल चुकत होती. मी वही काढली, 'टँकर, २००' एवढंच लिहिलं आणि पुढे 'सहाला' लिहून मिटली.